नाटकाचं पोस्टर: ग्रेडियंट, सावली आणि पोत किती वापरायचं, कुठे थांबायचं

दिवाळी उलटली, धान बांधीतून घरी येऊ लागलं, की झाडीपट्टीत नाटकांचे फ्लेक्स लागायला लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, कुठल्याही जिल्ह्यातला चौक पाहा. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि दोन्हींची जाहिरात एकाच बांबूवर. यातले बरेचसे फ्लेक्स एकसारखेच दिसतात. नाटकाच्या नावाला सोनेरी चमक, तिच्याभोवती पांढरी बॉर्डर, तिच्याभोवती लाल बॉर्डर, त्याखाली काळी सावली. मागे आगीच्या ज्वाळा आणि प्रत्येक कलाकाराच्या डोक्यामागे प्रकाशाचं वलय. एवढं करूनही वीस पावलांवरून नाटकाचं नाव वाचता येत नाही. खरं तर एवढं केल्यामुळेच वाचता येत नाही.

या लेखात एकच फ्लेक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवला आहे. उभा, ४ फूट रुंद आणि ६ फूट उंच. नाटकाचं नाव समजा ‘बांधावरची सून’. त्यावर तीन कलाकारांचे फोटो, मंडळाचं नाव, तारीख-वेळ-ठिकाण, तिकिटाचे दर आणि खाली मदत करणाऱ्यांची पट्टी आहे. काम फोटोशॉपमध्ये आहे. कोरलमध्ये करणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

हिशेब सरळ ठेवायचा. पूर्ण पोस्टरला मागे एकच ग्रेडियंट, मोजक्याच जागी सावली, एक पोत. तिघांना तीन वेगळी कामं. ग्रेडियंटने मजकुराला अंधार आणि चेहऱ्यांना उजेड द्यायचा, सावलीने पुढचं आणि मागचं वेगळं दाखवायचं, पोताने मोकळ्या जागेचा प्लास्टिकपणा घालवायचा. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं की गर्दी सुरू होते.

आधी सपाट पोस्टर उभं करा

नवी फाइल ४८ × ७२ इंच, ७२ डीपीआय. म्हणजे ३४५६ × ५१८४ पिक्सेल. या आकाराच्या फ्लेक्सला एवढं पुरतं. शिवाय एक सोय होते, ती म्हणजे ७२ पिक्सेल म्हणजे फ्लेक्सवरचा बरोबर एक इंच. पुढचे सगळे आकडे याच मापातले आहेत.

एका गडद मरून रंगावर सगळा मजकूर दुधी रंगात (२५०, २३५, २०५) मांडा. वरच्या ८ इंचांत मंडळाचं नाव आणि निमित्त. त्याखाली साधारण चाळिसाव्या इंचापर्यंत कलाकार. नाव त्यांच्या कमरेवर चढवून दोन ओळींत लिहा, वर ‘बांधावरची’ आणि खाली ‘सून’. मग तारीख, ठिकाण, दर. अगदी तळाशी ६ इंचांची पट्टी. या टप्प्यावर एकही इफेक्ट नको.

आता स्क्रीनवरचं चित्र लहान करून पाहा. सपाट अवस्थेत तारीख शोधावी लागत असेल, तर ती अक्षरं लहान आहेत किंवा जागा चुकली आहे. पुढे सावली लावून ते सुधारणार नाही. पुष्कळ फ्लेक्स इथेच बिघडतात, कारण मांडणीतला दोष झाकायला चमक वापरली जाते.

तळाच्या पट्टीबद्दल आधीच बोलून घेऊ, कारण तिच्यावर मंडळात वाद होतो. पुढारी, दुकानदार, वर्गणीदार यांचे फोटो तिथेच, एकाच मापाच्या गोलात, सपाट रंगावर, सावलीशिवाय. ‘भाऊ, आमचा फोटो जरा उठून दिसला पाहिजे’ असा आग्रह झाला तर गोल अर्धा इंच मोठा करा, पण ग्लो देऊ नका. एका फोटोला ग्लो दिला की बाकीचे आठही मागतात.

ग्रेडियंट: उजेड कुठे आणि अंधार कुठे

नाटकाच्या पोस्टरला उजेडाची जागा आयतीच ठरलेली असते, ती म्हणजे मुख्य कलाकाराचा चेहरा. आपल्या फ्लेक्सवर नायिकेचं डोकं वरून साधारण २० इंचांवर आहे, तेव्हा उजेडाचा मध्य तिथेच.

Layer मेनूतून New Fill Layer, त्यात Gradient. Style मध्ये Radial घ्या. मध्यभागी (११८, ३०, ३६), कडेला (५२, १०, १६). दोन्ही मरूनच आहेत, एक उजळ, एक गडद. Dither वर खूण असू द्या. ही खिडकी उघडी असतानाच माउसने चित्रावर ओढलं तर उजेडाचा मध्य सरकतो. तो नायिकेच्या डोक्यामागे न्या आणि Scale वाढवत न्या, इतका की उजेड खांद्यांच्या बाहेर पडता पडता विरला पाहिजे. तळाच्या मजकुराखाली फक्त गडद रंग उरला पाहिजे.

एकाच रंगाच्या दोन छटा का? कारण फोटोशॉपचा जुना, साधा ग्रेडियंट दोन रंगांच्या आकड्यांची सरळ सरासरी काढत जातो. पिवळा (२५५, २५५, ०) आणि निळा (०, ०, २५५) घेतले की बरोबर मधोमध (१२८, १२८, १२८) येतं. हा शुद्ध राखाडी झाला. लाल-हिरव्याच्या मध्ये मळकट शेवाळी येतो. पोस्टर ‘मळल्यासारखं’ दिसतं आणि का ते कळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा समोरासमोरचे दोन रंग असे जोडलेले असतात. दोन वेगळे रंग हवेच असतील तर शेजारचे घ्या, लालकडून केशरीकडे, निळ्याकडून जांभळ्याकडे. तेही मागच्या जागेत, अक्षरांत नाही.

दुसरी अडचण पट्ट्यांची. ग्रेडियंट गुळगुळीत वाटतो, पण प्रत्यक्षात तो पायऱ्यांनी उतरतो. एका रंगवाहिनीत ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. समजा लाल ९२ वरून ७२ वर आणायचा आहे आणि अंतर पूर्ण ६ फुटांचं आहे. पायऱ्या २०, पिक्सेल ५१८४. म्हणजे प्रत्येक पायरी सुमारे २५९ पिक्सेल, फ्लेक्सवर साडेतीन इंचांहून रुंद. जेपीजी करताना आणि छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये काही पायऱ्या एकमेकींत मिसळतात, त्यामुळे पट्टे आणखी रुंद होतात आणि फ्लेक्सवर शेणाने सारवल्यासारखे फराटे उमटतात. आपल्या ग्रेडियंटमध्ये लाल ११८ वरून ५२ वर, म्हणजे ६६ पायऱ्या उतरतो आणि तेही ५० इंचांतच. पायरी पाऊण इंचाची झाली. अशी बारीक पायरी डोळा सहसा पकडत नाही.

तरी खात्रीसाठी बारीक रवा टाकावा. मजकुराच्या खाली आणि बाकी सगळ्याच्या वर एक नवा लेयर घ्या, Edit > Fill मधून 50% Gray भरा, Filter > Noise > Add Noise मध्ये ४ टक्के, Gaussian, आणि Monochromatic वर खूण. लेयरचा मोड Overlay. मरूनसारख्या गडद रंगावर Overlay मधला रवा निम्म्याहून कमी उरतो, म्हणून चार टक्के जास्त नाहीत. पायऱ्यांच्या कडा या रव्यात विरघळतात. दुसरा फायदा असा, की कलाकारांचे व्हॉट्सॲपवरून आलेले थोडे धूसर फोटो आणि त्यामागची स्वच्छ पार्श्वभूमी एकाच कॅमेऱ्याची वाटू लागते.

कोरलमध्ये पट्टे दिसले तर आधी त्या भरणीच्या Fountain steps चा आकडा पाहा. जुन्या फाइलींत तो कमी करून ठेवलेला सापडतो. तो २५६ असू द्या.

आता कलाकारांची खालची कड. कमरेवर सरळ कापलेला फोटो हा फ्लेक्सचा सगळ्यात कच्चा दिसणारा भाग. लोक तिथे ढग, फुलं किंवा आडवी सोनेरी पट्टी चिकटवतात. त्याऐवजी तिन्ही फोटोंचा एक ग्रुप करा, ग्रुपला लेयर मास्क द्या आणि मास्कवर काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा ग्रेडियंट खालून वर ओढा. फोटो २८०० पिक्सेल उंच असेल तर विरण्याची लांबी सुमारे ५००-६०० पिक्सेल ठेवा. तेवढ्यात साडी किंवा कुर्ता अंधारात मिसळतो आणि नाटकाच्या नावाला गडद जागा तयार होते. मास्क ओढताना हात बघा. नायिकेने हात जोडले असतील आणि पंजे अर्धवट विरले तर ते भुतासारखं दिसतं. मग फोटो वर सरकवा, मास्क नका लांबवू.

नाटकाच्या नावात ग्रेडियंट द्यायचाच असेल (सोनेरीचा मोह सुटत नाही, आणि झाडीपट्टीच्या पोस्टरवर तो अगदीच परकाही नाही) तर दोनच छटा घ्या. वर (२५५, २३८, १९०), खाली (२३२, १८५, ९५). तयार मिळणाऱ्या ‘गोल्ड’मध्ये उजळ-गडद-उजळ असे पाच-सहा पट्टे असतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरांवर ते चालून जातात. देवनागरीत शिरोरेखा आधीच एक ठळक आडवी रेघ आहे. पट्टे आले की अक्षराच्या पोटातून दुसरी-तिसरी शिरोरेखा गेल्यासारखी दिसते. आणखी एक गोष्ट. Gradient Overlay लेयरच्या पूर्ण उंचीवर पसरतो. ‘बांधावरची’ आणि ‘सून’ एकाच टेक्स्ट लेयरमध्ये असतील तर वरची ओळ फिकट आणि खालची गडद होईल. दोन ओळी दोन लेयर करा. मग ‘सून’मधल्या ऊकारामुळे त्या ओळीची उंची थोडी जास्त धरली जाते, तेव्हा खालच्या छटेचा ठिपका जरा वर सरकवून दोन्ही ओळी जुळवून घ्या.

सावली: धा आणि घा

नावाचं अक्षर फ्लेक्सवर ७ इंच उंच आहे, म्हणजे सुमारे ५०० पिक्सेल. सावलीचं अंतर अक्षराच्या उंचीच्या तीन टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणून Drop Shadow मध्ये Distance १५, Size ३०, Spread ०, Opacity ५५ टक्के, Angle १२०, मोड Multiply. रंग शुद्ध काळा नको, (३०, ४, ८) असा जवळजवळ काळा मरून. काळी सावली रंगीत जागेवर काजळी सांडल्यासारखी दिसते. त्याच रंगाची गडद छटा सावलीसारखी दिसते.

एवढं करून ओके दाबलं की पहिली प्रतिक्रिया अशी होते की काहीच फरक पडला नाही. बरोबर आहे. गडद मरूनवर गडद सावली दिसणार कशी? ‘बांधावरची’ जिथे नायिकेच्या विरत चाललेल्या साडीवर येतं, तेवढ्याच भागात ती दिसते, आणि तेवढ्याच भागात तिची गरज आहे. इथेच बहुतेकांचा संयम सुटतो. सावली दिसत नाही म्हणून पांढरा ग्लो येतो, ग्लो पसरट वाटतो म्हणून बॉर्डर येते, बॉर्डर पांढरी म्हणून तिला लाल बॉर्डर.

ती बॉर्डर नेमकं काय करते ते ‘धा’ या एका अक्षरावर पाहा. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक काय? ध ची शिरोरेखा डावीकडे तुटलेली असते आणि तिथे छोटीशी गाठ असते. घ ची शिरोरेखा सलग. भ आणि म यांचंही तसंच. ५०० पिक्सेलच्या जाड अक्षरात ती फट साधारण ४० पिक्सेलची असते. बाहेरच्या बाजूने २० पिक्सेलची बॉर्डर दिली की फटीच्या दोन्ही काठांवरून २०-२० पिक्सेल आत येतात आणि फट बुजते. लांबून ते ‘बांघावरची’ वाचलं जातं. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेखेला चिकटतो तो वेगळाच. म्हणून बॉर्डर लावावीच लागली तर फटीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जाड नको, म्हणजे इथे १० पिक्सेल, आणि एकच.

पण बॉर्डर लागते कधी? अक्षर आणि मागचा भाग यांच्यात उजेडाचा फरक कमी पडतो तेव्हा. साडी पिवळी असेल आणि नाव दुधी, तर सावली कितीही वाढवा, उपयोग नाही. अशा वेळी मागे वळा आणि फोटोचा मास्क आणखी १०० पिक्सेल वर न्या, म्हणजे नावाखालची साडी अंधारात जाईल. ग्रेडियंटचं काम ग्रेडियंटकडूनच करून घ्यायचं.

Bevel and Emboss बद्दल थोडक्यात. शिरोरेखेची पाण्याची नळी करायची असेल तरच वापरा.

कलाकारांना सावली द्यावी का? द्यावी, पण वेगळ्या हेतूने. तिघांचे फोटो तीन ठिकाणचे असतात. एकाचा स्टुडिओतला, एकाचा रंगमंचावर फ्लॅश मारून काढलेला, एकाचा खिडकीजवळचा. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उजेड वेगळ्या बाजूने आलेला असतो. त्यांना नावासारखी उजव्या-खालच्या अंगाला पडणारी सावली दिली तर ती निदान एकाच्या तरी चेहऱ्याशी भांडते. म्हणून दिशा नसलेली सावली द्या. Distance ०, Size ७०, Opacity ३५ टक्के. तिचं काम एवढंच की पुढच्या कलाकाराचा खांदा मागच्याच्या कपड्यांपासून सुटा व्हावा. सगळ्यात मागच्या कलाकाराला तीही नको. त्याच्यामागे ग्रेडियंट आहेच.

सावली देण्याआधी कापलेल्या कडा तपासा. केसांभोवती आणि बाहीच्या काठाला मूळ फोटोच्या पांढऱ्या भिंतीची बारीक किनार राहिलेली असते. मागे सावली आली की ती किनार दिव्यासारखी उजळते. Layer > Matting > Defringe मध्ये १ किंवा २ पिक्सेल दिले की बहुतेक जाते. लेयरला मास्क असेल तर तिथे Defringe चालत नाही, आधी मास्क लागू करावा लागतो, म्हणून हे काम अगदी सुरुवातीला उरका.

बाकी मजकुराला सावली नाही. तारखेची अक्षरं दीड-दोन इंचांची, गडद सपाट जागेवर दुधी रंगात आहेत. त्यांना पुढे आणायची गरजच नाही. शिवाय ओळी जवळजवळ असल्या की वरच्या ओळीची सावली खालच्या ओळीच्या मात्रांवर आणि वेलांट्यांवर पडते, आणि ‘रात्री’ला दोन वेलांट्या असल्यासारखं दिसतं.

कोरलमध्ये सावली ही अक्षरासारखी वेक्टर नसते, बिटमॅप असते. मोठ्या फ्लेक्सवर तिच्या कडेला चौकोनी दाणे दिसले तर कागदपत्राच्या मांडणीतलं Rendering resolution फार कमी आहे असं समजा आणि वाढवा.

पोत: बारदाना

मागची जागा आता बरी दिसते, पण थोडी प्लास्टिकसारखी वाटते. इथे पोत. नेटवरून ‘ग्रंज’ नावाचं ओरखड्यांचं चित्र उतरवून टाकायची सवय आहे. गावच्या नाटकाला ओरखड्यांचं काय काम? विषयाशी नातं असलेला पोत घरात सापडतो. आपल्या नाटकाला धानाचा बारदाना चालेल.

सकाळी आठच्या सुमारास, ऊन तिरपं असताना, कोरं पोतं अंगणात ताणून पसरा. तिरप्या उन्हात प्रत्येक धाग्याला स्वतःची सावली पडते. दुपारी बारा वाजता तेच पोतं सपाट दिसतं. मोबाइल उभा आणि पोत्याला अगदी समांतर धरा, साधारण एक फूट उंचीचाच भाग चौकटीत घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा येतो. तो आपल्या फ्लेक्सवर पसरवायला १.३ पट ताणावा लागतो. एवढ्याने फुटत नाही.

मापाचा मुद्दा इथे आहे. एक फूट पोतं सहा फुटांवर पसरलं, म्हणजे २ मिलिमीटरचा धागा फ्लेक्सवर १२ मिलिमीटरचा झाला. हे मुद्दाम तसं. फ्लेक्सच्या कापडाला स्वतःची जाळी आणि थोडी चकाकी असते. पाव इंचाहून बारीक पोत त्यात हरवतो, आणि लांबून तो पोत न वाटता घाण छपाई वाटते.

फोटो काळा-पांढरा करा (Ctrl+Shift+U). मग Filter > Other > High Pass मध्ये ६० पिक्सेल. ही पायरी सोडू नका. उन्हामुळे पोत्याची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद आलेली असते. High Pass तो फरक काढून टाकतो, धागे ठेवतो आणि सरासरी मधल्या राखाडीवर आणतो. लेयरचा मोड Soft Light करा. मधला राखाडी Soft Light मध्ये काहीच बदलत नाही, त्यामुळे फक्त धागे उमटतात आणि आपण ठरवलेला मरून तसाच राहतो. High Pass न करता पोतं टाकलं की अख्खी पार्श्वभूमी काळवंडते किंवा एका बाजूने फिकटते, आणि मग ग्रेडियंटशी खेळत बसावं लागतं.

Opacity १०० वर ठेवून खाली उतरत या. आधी धागे ओरडतील, मग बोलतील, मग कुजबुजतील. कुजबुज १५ ते २० टक्क्यांच्या आसपास लागते. हा लेयर कलाकारांच्या खाली आणि ग्रेडियंटच्या वर हवा, म्हणजे चेहऱ्यावर जाळी येत नाही. त्याला मास्क द्या आणि तारीख, ठिकाण, तिकीट दर यांच्यामागे मोठ्या मऊ काळ्या ब्रशने पोत पुसून टाका. ब्रशची कड मऊ ठेवली तर पुसलेलं कळत नाही.

पुसणं पुरेसं झालं का हे डोळ्यावर सोडू नका. Info पॅनेल उघडा आणि मजकुरामागच्या जागेवर माउस फिरवा. लाल रंगाचा आकडा एखाद्या वितीच्या अंतरात १५ पेक्षा जास्त वर-खाली होत असेल तर पोत अजून जोरात आहे. अक्षरामागे जागा शांत हवी.

लांबून कसं दिसेल हे घरबसल्या

६ फुटी फ्लेक्स ३० फुटांवरून जेवढा दिसतो, जवळपास तेवढंच मोबाइलवरचं ५ इंच उंच चित्र २ फुटांवरून दिसतं. गुणोत्तर सारखंच पडतं. तेव्हा फाइलची प्रत मोबाइलवर घ्या, हात लांब करा, आणि पोस्टर आधी न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याने नाटकाचं नाव, तारीख आणि गाव या क्रमाने वाचलं पाहिजे. डोळे आधी कुठे जातात ते बघा. सोनेरी पट्टीकडे किंवा पुढाऱ्याच्या फोटोकडे गेले तर तिथलं काहीतरी उतरवा.

मग सगळ्याच्या वर Hue/Saturation चा लेयर ठेवून Saturation -१०० करा आणि त्या लेयरचा मोड Color ठेवा. रंग गेला की फक्त उजेड-अंधार उरतो. चेहरे आणि नाव सगळ्यात उजळ, मागची जागा गडद, पोत जेमतेम, असं दिसायला हवं. लाल जागेवरचा हिरवा मजकूर इथे बहुतेक नाहीसा होतो. रंगीत असताना तो भडक वाटत होता, पण उजेडाचा फरक नव्हताच.

शेवटी इफेक्टच्या डोळ्याच्या खुणा एकेक करून बंद-चालू करा. एखादा बंद केल्यावर काहीच बिघडलं नाही असं वाटलं, तर तो बंदच राहू द्या.

व्हॉट्सॲपची प्रत आणि छपाई

गावात फ्लेक्सच्या आधी व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरतं. त्यासाठी Image > Image Size मध्ये रुंदी १०८० पिक्सेल करताना दातेरी चाकाच्या खुणेत Scale Styles चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर चित्र ३.२ पट लहान होतं, पण १५ पिक्सेलची सावली १५ पिक्सेलचीच राहते. नाव एकदम जाड, काजळलेलं दिसू लागतं आणि बॉर्डर दिली असेल तर धा पुन्हा घा होतो. चालू असेल तर सावली पाचेक पिक्सेलवर येते, तेवढीच हवी. एखाद्या छोट्या फाइलमधून नाव ओढून मोठ्या फाइलमध्ये आणून मोठं केलं तर उलट होतं, सावली दिसेनाशी होते. तेव्हा Layer > Layer Style > Scale Effects.

व्हॉट्सॲप चित्र दाबतं, आणि दाबलेल्या जेपीजीत बारीक रवा चौकोनी डागांसारखा फुटतो. या प्रतीत रव्याचा लेयर निम्म्यावर आणा. फ्लेक्सच्या दुकानाला मात्र चित्र म्हणून पाठवू नका, Document म्हणून पाठवा. त्यांच्याकडे पोचलेली फाइल ३४५६ पिक्सेल रुंदच आहे ना, हे फोनवर विचारून घ्या.

आणि पूर्ण फ्लेक्स सोडण्याआधी एक फूट बाय एक फुटाचा तुकडा छापून मागा. तुकडा असा निवडा की त्यात ‘धा’ असेल, साडी विरते ती जागा असेल आणि पोताचा थोडा भाग येईल. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहून उपयोग नाही; बाहेर उन्हात न्या आणि आठ-दहा पावलं मागे जा. फ्लेक्सच्या शाईत गडद छटा एकमेकींत बुडतात, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा अंधारातला फरक इथे कमी होणारच. मागची जागा नुसती काळी दिसत असेल तर ग्रेडियंटचे दोन्ही रंग सारख्या मापाने उजळा, लाल १०-१५ ने आणि बाकीचे त्या प्रमाणात. धा ची फट बुजली असेल आणि बॉर्डर लावली असेल तर ती काढून टाका. पोत दिसत नसेल तर तो वाढवू नका. चौकात लटकलेल्या फ्लेक्सवर धूळ बसते, तेव्हा थोडा पोत येतोच.